‘पुढच्या महिन्यापासून नवीन नियम’ : घरच्या ग्रुपवरचा मेसेज कसा तपासायचा?



जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात अनेकांच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. त्याचा आशय असा : १५ जुलैपासून राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीलाही टोल लागणार, दुचाकीला फास्टॅग लावावा लागणार आणि नियम मोडला तर २००० रुपये दंड होणार. आपल्या खापरखेड्यात हा मेसेज कोणीही सहज सोडून देणार नाही. इथल्या कितीतरी घरांत रोजचं वाहन म्हणजे मोटरसायकल, आणि नागपूर-सावनेर रस्त्यावर पाटणसावंगीचा टोलनाका सगळ्यांच्या ओळखीचा. रोज जाणाऱ्याला महिन्याचा खर्च किती वाढेल, हा प्रश्न लगेच डोक्यात येतो.

मेसेज खोटा होता. पण तो खोटा आहे हे ठरवायचं कसं, ते आज बघू. पाचवीच्या मुलांसोबतही हे करता येतं.

१. आधी मेसेजची वाक्यं वेगळी करा

मेसेज एकदम वाचला की तो पूर्ण खरा किंवा पूर्ण खोटा वाटतो. म्हणून त्यातली विधानं एकाखाली एक लिहा. कोणाला लागू? दुचाकीला. कुठे? राष्ट्रीय महामार्गावर. केव्हापासून? १५ जुलै. दंड किती? २००० रुपये. आता शेवटचा प्रश्न : हे ठरवलं कोणी आणि कोणत्या कागदाने? इथे मेसेज गप्प होता. ‘सरकारने निर्णय घेतला’ एवढंच. केंद्र की राज्य, कोणतं खातं, अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, यातलं काहीच नाही.

मुलांना सांगा की ही रिकामी जागाच पहिली खूण आहे. तारीख आणि दंड ठळक, पण कागदाचा पत्ता नाही, असं दिसलं की थांबायचं.

२. आजचा नियम काय आहे?

‘नवीन’ नियम तपासायचा तर जुना माहीत हवा. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल केंद्र सरकारच्या २००८ च्या शुल्क नियमांनुसार घेतला जातो. त्यात दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडीसारख्या वाहनांकडून शुल्क घ्यायचं नाही अशी तरतूद आहे. म्हणून नाक्यावर दुचाकी कडेच्या रस्त्याने निघून जाते. फास्टॅगसुद्धा चारचाकी आणि त्याहून मोठ्या वाहनांसाठी आहे.

म्हणजे मेसेज खरा व्हायचा असेल तर हे नियम बदलावे लागतील. केंद्राचे असे नियम कोणाच्या भाषणाने बदलत नाहीत. त्यासाठी खात्याला दुरुस्तीची अधिसूचना काढून ती भारताच्या राजपत्रात छापावी लागते. राजपत्र egazette.gov.in वर कोणालाही मोफत पाहता येतं. खातं आणि तारीख निवडून शोधायचं. नियमांच्या अधिसूचनेवर ‘सा.का.नि.’ असा क्रमांक असतो. मेसेज टाकणाऱ्याकडे हाच क्रमांक मागायचा.

नियम राज्याचा असेल तर शोधायची जागा बदलते. तिथे शासन निर्णय पाहायचा. आपण शिक्षक रोज जीआर वाचतो, त्याच्या शेवटी संकेतांक असतो हे आपल्याला माहीत आहे. त्या संकेतांकाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते, हे मात्र पालकांना सांगायला हवं. जीआरवरची तारीख आणि संकेतांकातली तारीख जुळली नाही, तर शंका घ्यावी.

३. ‘पेपरातही आलं आहे’ याने भागत नाही

या मेसेजची खरी गंमत इथे आहे. ही गोष्ट फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हती. काही वृत्तमाध्यमांनीही ती बातमी म्हणून दिली होती. त्यामुळे ग्रुपवर कोणी शंका घेतली की दुसरा लगेच बातमीची लिंक टाकायचा.

पण पाच ठिकाणी एकच वाक्य दिसलं म्हणून पाच पुरावे होत नाहीत. एकाने लिहिलं, चौघांनी उचललं, तर पुरावा एकच, आणि इथे तर त्या एकाकडेही कागद नव्हता. बातमी उघडून बघायची : अधिसूचनेचा उल्लेख आहे का? अधिकाऱ्याचं नाव आहे का? की नुसतं ‘सूत्रांनुसार’ आहे?

२६ जून २०२५ ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी स्वतः खुलासा केला की असा कोणताही निर्णय प्रस्तावित नाही आणि दुचाकींची टोलमाफी चालू राहील. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानेही तेच सांगितलं. असा खुलासा आला की काम सोपं होतं. पण तो आला नाही म्हणून मेसेज खरा ठरत नाही. पीआयबी फॅक्ट चेकही केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतं. राज्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नियमाची खातरजमा तिथे होणार नाही.

४. शेजारी खरा नियम ठेवून बघा

योगायोगाने त्याच महिन्यात टोलचा एक नवीन नियम खरोखर आला होता. १८ जून २०२५ ला फास्टॅगच्या वार्षिक पासची घोषणा झाली. १५ ऑगस्टपासून, ३००० रुपये, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल ते. पास फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनसाठी. कुठून घ्यायचा तेही सांगितलेलं होतं : राजमार्गयात्रा अ‍ॅप आणि महामार्ग प्राधिकरणाचं संकेतस्थळ. त्यासाठी २००८ च्या त्याच नियमांत दुरुस्ती करून राजपत्रात अधिसूचनाही निघाली होती.

दोन्ही मेसेज वरवर सारखेच : टोल, फास्टॅग, ‘१५ तारखेपासून’. खऱ्याने खोट्याला आधार दिला, असंही घडू शकतं. फरक तपशिलात दिसतो. खऱ्या नियमाला मर्यादा असतात : कोणाला लागू, कोणाला नाही, किती काळ. खोट्याजवळ फक्त भीती असते.

५. वर्गात आणि घरी

फळ्यावर दोन रकाने करा, एका बाजूला दुचाकीचा मेसेज, दुसऱ्या बाजूला पास. कोणी, कोणाला, केव्हा, कुठे आणि कोणत्या कागदाने, हे पाच प्रश्न मुलांना भरू द्या. रिकामा रकाना कोणता राहतो ते मुलंच सांगतील. सोबत गणितही होतं : ३००० भागिले २००, म्हणजे एका फेरीला १५ रुपये, पण सगळ्या २०० फेऱ्या झाल्या तरच. १०० फेऱ्याच झाल्या तर किती? तेही काढू द्या.

घरच्या ग्रुपवर मोठ्यांना ‘खोटं आहे’ असं तोंडावर लिहिलं की वाद होतो. त्याऐवजी लिहा : “मामाजी, याचा राजपत्रातला क्रमांक मिळाला का? मला २६ जूनचा मंत्र्यांचा खुलासा सापडला, खाली टाकते.” मामाजींचा मान राहतो आणि वाचणाऱ्याला कागद मिळतो.

उत्तर देताना आपणही जास्त बोलायचं नाही. ‘दुचाकीला कुठेच, कधीच टोल नाही’ असं लिहू नका. त्याच २००८ च्या नियमांत, जिथे सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध आहे तिथे मुख्य मार्ग वापरणाऱ्या दुचाकीकडून कारच्या निम्मं शुल्क घेण्याची तरतूद आहे. आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणून उत्तर एवढंच असावं : “१५ जुलैपासून दुचाकीला नवीन टोल लागणार, हा मेसेज खोटा आहे.” खाली तारीख टाका, कारण नियम पुढे बदलू शकतो, आणि तेव्हा कोणीतरी आपलाच जुना मेसेज पुन्हा फॉरवर्ड करेल.