बाळाची सीट बसवताना

चि. सोनू हिस,


काल फोनवर म्हणालीस, "मामा, बाळाची सीट पुढेच ठेवते, म्हणजे गाडी चालवताना तो दिसत राहील." बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितो. आठ महिन्यांचं बाळ मागे तोंड करूनच बसवायचं. तशी सीट पुढे ठेवली की तिची पाठ डॅशबोर्डला टेकायला येते. धडक बसली की एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि त्या पाठीवर, म्हणजे नेमकी बाळाच्या डोक्यामागे, आदळते. तेव्हा त्याची जागा मागेच.

कधी नाइलाज झालाच, तर डावं दार उघडून डॅशबोर्डच्या कडेला किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये बघ. काही गाड्यांत तिथे किल्लीने फिरवायचा स्विच असतो. बटणाची गाडी असेल तर रिमोटच्या पोटातली पातळ किल्ली काढ. स्विच 'ऑफ' करून इग्निशन चालू कर. सुरुवातीला सगळेच दिवे क्षणभर लागतात, ते धरू नकोस. एअरबॅग बंद असल्याचा दिवा नंतरही जळत राहिला पाहिजे. स्विचच नसेल, तर बाळ पुढे अजिबात नको. आणि तिथे मोठं माणूस बसायच्या आधी स्विच आठवणीने 'ऑन' कर.

आता मागची सीट. पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घाल. २८ सेंटीमीटर अंतरावर दोन बारीक लोखंडी दांड्या लागतील. त्यांत बाळाच्या सीटचे दोन्ही आकडे अडकव आणि दोन्हीकडे हिरवी खूण आलेली बघ. सीटला आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकव.

बाळ मोठं होऊन पुढे तोंड करून बसायला लागलं की बहुतेक सीटना वरचाही पट्टा लागतो. तिथे मी स्वतः फसलो होतो. नातवाच्या सीटचा पट्टा सहा महिने डिकीतल्या सामानाच्या हुकाला लावून हिंडलो. एकदा जोरात ओढला, तर प्लॅस्टिकचा हुकच हातात आला! खरी कडी सीटच्या पाठीमागे होती, शेजारी नांगराचं चिन्ह. तुझ्या गाडीत ती कुठे आहे, ते पुस्तिकेत बघूनच पट्टा लाव.

राहिलं चाइल्ड लॉक. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशी छोटी खिट्टी असते, प्रत्येक दाराला वेगळी. ती लावून काच खाली कर, दार बंद कर आणि हात आत घालून आतली मूठ ओढ. दार उघडता कामा नये, बाहेरून मात्र उघडलं पाहिजे. या लॉकने काच अडत नाही. तिचं बटण ड्रायव्हरच्या दारावर वेगळं असतं. मागे आजी बसणार असतील, तर दार आतून उघडणार नाही हे त्यांना आधी सांग, नाहीतर बिचाऱ्या मूठ ओढत बसतील.

रविवारी येतो. सीट तूच बसव, मी फक्त ओढून बघेन.

तुझा,
मामा