१८६५ चा शेअर फुगा: कापूस खरा, भाव खोटा

फुगा नेहमी एखाद्या खऱ्या गोष्टीवरच बसतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनी आधी माल धरला, त्यांनी खरोखर कमावलं. इथपर्यंत धंदाच होता.

पण आलेला पैसा ठेवायचा कुठे? मग बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनच्या ५ हजार भरलेल्या शेअरचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच! घेणारा जमिनीचं उत्पन्न मोजत नव्हता, पुढचा गिऱ्हाईक किती देईल एवढंच बघत होता. माझ्या मते फुगा ओळखायची खूण हीच.

खरा घोळ उधारीचा. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची, त्या पैशातून पुन्हा शेअर घेतले जायचे. म्हणजे भाव वाढला की तारण वाढलं, तारण वाढलं की कर्ज वाढलं. भाव उतरला की हेच चाक उलटं फिरणार.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, कापूस कोसळला. वायद्याचे कितीतरी सौदे १ जुलैला चुकते करायचे होते. त्या दिवशी देणारे पुष्कळ, पैसा कुणाकडेच नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला.