पुढची भेट कोण ठरवतं?

"मुलगी जरा थंडच वाटली," असं त्याने माझ्या मावशीला कळवलं. म्हणून हे लिहायला बसले.

स्थळ मावशीनेच आणलेलं. घरच्यांनी आधी महिना-दोन महिने बोला म्हणून मोकळीक दिली. तो ठाण्याचा, मी आपट्याची. आमच्याकडे गाड्या मोजक्याच. एक चुकली की फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघायची. हे त्याला ठाऊक होतं, तरी प्रत्येक भेट ठाण्यात, त्याच्या ऑफिसच्या जवळ. मेसेजला उत्तरं मात्र द्यायचा. त्यामुळे घरात सगळे खूश.

मला कळलं ते एका फोनवर. फोन अर्थात मीच केलेला. "उद्या येतेस ना?" म्हणाला. मी म्हटलं, "उद्या बाबांच्या डोळ्याची पट्टी काढायचीय." तर विचारतो, "डोळ्याला काय झालं?" बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल मी आठवडाभर त्याच्याशीच बोलत होते! वर, "बरं, मग तुला कधी जमेल ते कळव." बस्स.

तेव्हा मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीही, व्हॉट्सॲपवर मागे जाऊन बघा. रोज सुरुवात कोण करतं, यापेक्षा प्रश्न कोण विचारतं ते बघा. 'हो ना', 'अरे वा', अंगठा, हे सभ्यपणाचं झालं. निळ्या टिका आणि स्टेटस बघणं तर धरूच नका.

सगळ्यात खरी खूण भेट रद्द होते तेव्हा दिसते. मनात असलेला माणूस "रविवारी नाही जमत, पण बुधवारी लवकर सुटतो" असं म्हणतो. नसलेला "बघू" म्हणतो. रसायनीच्या कंपनीत शिफ्ट करणारा उशिरा उत्तर देईल, एखादीच्या घरी फोनवर डोळा असेल, ती आपणहून मेसेज करणार नाही. पण अशी माणसंही भेटली की मागचं बोलणं लक्षात ठेवून विचारतात, "बाबा कसे आहेत?"

मुद्दाम गप्प बसून परीक्षा घेऊ नका. समोरच्याला काय कळणार? सरळ सांगा, "पुढची भेट तू ठरव." मी तेच केलं, पनवेल सुचवलं, म्हणजे दोघांच्याही वाटेत. "कळवतो" म्हणाला, कळवलं नाही. एवढं झाल्यावर पाठपुरावा करू नये. मुलांनी तर नाहीच. गप्प बसलेल्या मुलीला पुन्हा पुन्हा मेसेज करणं म्हणजे त्रास देणं.

आमचं स्टेशन बघायला लोक 'दिलवाले दुल्हनिया'साठी येतात. त्यातही ती धावते तेव्हा दारातल्याने हात पुढे केलेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

मावशी, पुढचं स्थळ आणलंस तर पहिली भेट आपट्याला ठेव. येणारा येईल.