शाळेची खोली बांधण्यापूर्वी जमिनीची पाहणी

दख्खनच्या पठारावर नव्या वर्गखोलीची जागा ठरविताना दोन प्रश्न विचारावे लागतात. काळी माती किती खोल आहे, हा पहिला. पाणी जमिनीखाली किती अंतरावर आहे, हा दुसरा. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. या दोन प्रश्नांची प्राथमिक उत्तरे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांना मिळविता येतात. अभियंत्यांकडून रीतसर मृद्‌परीक्षण मागवावे की नाही, हे त्यांवरून ठरते.

येथे एका शाळेचे उदाहरण घेऊ. खोली सुमारे 6 मीटर लांब, एकमजली. जागेच्या पुढे रस्ता, मागे जुन्या ओघळीचा सखल भाग. ऑक्टोबरात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांशी 2 मीटर खोल खड्डे घेण्यात आले. पावसाळा सरताना पाणी वर असते, म्हणून हाच काळ योग्य. मे महिन्यातील कोरडा खड्डा फसवितो. खड्ड्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या ठेवाव्या, कारण उभी कड अकस्मात ढासळते. मुलांना जवळ येऊ देऊ नये व रात्री खड्डा झाकावा.

रस्त्याकडील खड्ड्यात 90 सेंटीमीटर काळी माती लागली व तिच्याखाली घट्ट पिवळा मुरूम आला. पहारीचा आवाज बदलला, तो खणणाऱ्यालाच प्रथम कळला. मागच्या खड्ड्यात मात्र 140 सेंटीमीटरपर्यंत काळीच माती निघाली, पुढे भिजलेली रेताड माती लागली आणि 2 मीटरपर्यंत मुरूम दिसला नाही. सकाळी पाहिले तेव्हा 130 सेंटीमीटरवर पाणी उभे होते.

माती खरोखर फुगणारी आहे काय, हे दोन मापपात्रांनी पाहता येते. ओली मूठभर माती तळहातावर वळली असता 3 मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होते, एवढ्यावरून ती चिकण आहे इतकेच समजते. म्हणून माती भट्टीत पूर्ण सुकवून, कुटून, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी. तिचे 10 ग्रॅमचे दोन भाग घेऊन एक पाण्यात व एक रॉकेलमध्ये टाकावा. हवेचे बुडबुडे ढवळून काढावे व 24 तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. या शाळेच्या मातीचे आकारमान रॉकेलमध्ये 11 व पाण्यात 19 मिलिलिटर भरले. फरक 8, त्याला 11 ने भागले असता फुगवटा सुमारे 73 टक्के येतो. 50 टक्क्यांच्या वर गेलेल्या मातीवर पाया टेकवू नये.

विहिरीने येथे घोटाळा केला. शेजारच्या विहिरीत दोरी सोडली असता पाणी 6 मीटरवर मिळाले व समितीचे समाधान झाले. परंतु त्या दिवशी पंप चालू होता आणि माप कठड्याच्या माथ्यापासून घेतले होते. रात्रभर उपसा थांबवून, कठड्याची उंची वजा करून पुन्हा मोजले तेव्हा पाणी 4 मीटरवर आढळले. तरीही खड्ड्यातील पाणी त्याहून पुष्कळ वर होते, कारण पावसाचे पाणी वरच्या थरात अडकून राहते. पायाशी संबंध याच पाण्याचा. म्हणून विहिरीवरून खड्ड्याचे काम भागत नाही.

आता निर्णय. काळी माती उथळ असून दोन्ही खड्ड्यांत मुरूम जवळजवळ सारख्या खोलीवर आणि पाण्याच्या वर लागला असता, तर काळी माती ओलांडून मुरुमावर पाया घेता आला असता. येथे अर्धी खोली मुरुमावर व अर्धी ओल्या मातीवर येत होती. दोन बाजू असमान खचण्याचा धोका असल्यामुळे रीतसर परीक्षण आवश्यक ठरले. पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या भरावात, खापऱ्या, राख वा बुजलेले पेव आढळले तरी हाच निर्णय घ्यावा. इमारत दुमजली असेल तर खड्ड्यावर मुळीच विसंबू नये. 2 मीटरखाली काय आहे, हे त्यातून कळत नाही.

समितीने मागणीपत्राबरोबर दोन्ही खड्ड्यांचे थर, खोल्या, पाणी पाहिल्याची तारीख व जागेचा कच्चा नकाशा जोडला. त्याच वेळी, खोली रस्त्याकडे 8 मीटर सरकविता येईल काय हे पाहण्यासाठी तिकडे आणखी दोन खड्डे घेण्यात आले. दोहोंत मुरूम 1 मीटरच्या आत लागला आणि पाणी नव्हते. अभियंत्यांनी खड्डे पाहून ती जागा पसंत केली व परीक्षणाची मागणी मागे घेण्यात आली. पाया मुरुमात घेऊन त्याच्या बाजू काळ्या मातीऐवजी मुरुमानेच भरण्यात आल्या.