केसपेपरवरची एक ओळ आणि अडकलेला मेडिक्लेम

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ६१) पित्ताशयात खडे आहेत आणि पुढच्या पंधरवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे ठरले आहे. तीन लाखांची ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी आहे, तिचे चौथे वर्ष चालू आहे. आमचे डॉक्टर सात रस्त्याजवळच्या ज्या रुग्णालयात ऑपरेशन करतात ते कंपनीच्या यादीत नाही. खर्च साधारण ९० हजार. रुग्णालय म्हणते, पैसे भरा आणि नंतर फाइल टाका. एजंट म्हणतो, फायलीत पैसे अडकतात, पुण्याला जाऊन कॅशलेस करा. मी चादरीच्या कारखान्यात नोकरीला आहे, पैसे भरायचे तर सोने गहाण ठेवावे लागेल. कॅशलेस चांगले की रिइम्बर्समेंट? आईला बीपीची गोळी चालू आहे, त्याने काही फरक पडतो का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्ही ज्याला शेवटी जागा दिलीत तो बीपीचा प्रश्नच पहिला आहे. कॅशलेस असो वा रिइम्बर्समेंट, पॉलिसी तीच, अटी त्याच. फरक एवढाच की एकात कंपनी रुग्णालयाला पैसे देते आणि दुसऱ्यात आधी तुम्ही भरता. सोने सोडवता येईल की नाही, हे आईच्या बीपीबद्दल कागदावर काय लिहिले जाते त्यावर ठरेल.

आधी पुण्याचे. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी, तेही नेहमीचे डॉक्टर सोडून, केवळ कॅशलेससाठी पुण्याला जाऊ नका. जानेवारी २०२४पासून विमा कंपन्यांनी यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय केली आहे. ठरलेल्या ऑपरेशनसाठी किमान ४८ तास आधी कंपनीला कळवावे लागते आणि रुग्णालयाची तयारी लागते. ही दुसरी अट अनेकदा आडवी येते, कारण छोट्या रुग्णालयांना कंपनीकडून येणाऱ्या पैशांची वाट पाहायची नसते. तरी विचारा. नाही म्हणाले तर रिइम्बर्समेंट, पण कंपनीला ४८ तास आधी कळवून नोंदणी क्रमांक तेव्हाही घ्यायचाच.

आता ज्या सापळ्यात मी चांगली चांगली घरे अडकलेली पाहिली आहेत तो सांगतो. रुग्ण दाखल होतो तेव्हा ड्युटीवरचे तरुण डॉक्टर विचारतात, ‘बीपी, शुगर किती वर्षांपासून?’ सोबतचा नातेवाईक घाईत म्हणतो, ‘असेल सात-आठ वर्षं.’ केसपेपरवर ‘बीपी आठ वर्षे’ असे लिहिले जाते. पुढे तीच ओळ डिस्चार्ज कार्डावर येते. कंपनीचा माणूस सगळ्यात आधी ती ओळ वाचतो. पॉलिसी चार वर्षांची, बीपी आठ वर्षांचे आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर त्या रकान्यात ‘नाही’. म्हणजे आजार लपवला. खड्यांचा आणि बीपीचा संबंध नाही हे तुम्ही कितीही सांगा, माहिती लपवली या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

मग धावाधाव सुरू होते. डिस्चार्जनंतर आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडून ‘चुकून आठ लिहिले, तीन वाचावे’ असे पत्र आणले जाते. त्या पत्रावर कंपनी सहसा विश्वास ठेवत नाही, आणि खाडाखोड असेल तर ती थेट तपासाला पाठवते.

म्हणून आजच घरातली फाइल काढा आणि बीपीची गोळी पहिल्यांदा लिहून दिलेली चिठ्ठी शोधा. तिच्यावरची तारीख पॉलिसीनंतरची असेल, तर तिची प्रत दाखल होतानाच द्या आणि केसपेपरवर तीच तारीख लिहायला सांगा. अंदाजे वर्षे सांगू नका. दाखल झाल्यावर पहिल्या दिवशीच केसपेपर वाचून घ्या. चूक दिसली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती तिथेच, डिस्चार्जच्या आधी, चिठ्ठीच्या आधाराने सही आणि तारखेसह दुरुस्त करावी.

बीपी पॉलिसीच्या आधीचे असेल आणि फॉर्मवर सांगितलेले असेल, तर त्याचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो. तो उलटून गेला आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर पाहा. खड्यांसाठीचा २४ महिन्यांचा काळ तर तुमचा संपलेलाच आहे. पण आधीचे असून सांगितलेले नसेल, तर डॉक्टरांना खोटी तारीख लिहायला सांगू नका. तो गुन्हा आहे. सलग ६० महिने झाल्यावर न सांगितलेल्या माहितीवरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. तुमची ती मुदत अजून पुरी झालेली नाही. अशा स्थितीत ९० हजार परत येणार नाहीत असे धरूनच पैशांची सोय करा. रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा. त्या योजनेत उपचार कॅशलेसच असतात.

कागद स्वच्छ असतील तर हिशेब सोपा आहे. बिल ९० हजार. नोंदणी शुल्क, हातमोजे, सोबतच्या माणसाचे जेवण असे न मिळणारे समजा ६ हजार. उरलेल्या ८४ हजारांवर तुमच्या पॉलिसीत पाच टक्के वाटा तुमचा, म्हणजे ४,२००. हातात येतील ७९,८००. खोली मात्र दिवसाला पाच हजारांच्या आतली घ्या. तीन लाखांचे दोन टक्के सहा हजार होतात, पण या पॉलिसीत वरची मर्यादा पाच हजारच आहे. महागडी खोली घेतली तर केवळ खोलीचा फरक जात नाही, डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

कॅशलेसला हिरवा कंदील मिळाला, तर नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीने पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांच्या वर उशीर झाल्याने रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. पहिली मंजुरी थोड्या रकमेची असते आणि अंतिम बिलानंतर बदलते, तिच्यावर विसंबून राहू नका. आणि कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे नाही. अनेकदा त्या घडीला माहिती अपुरी एवढाच त्याचा अर्थ असतो. पैसे भरून तुम्ही फाइल टाकू शकता. हे ठाऊक नसल्याने लोक मुदत घालवतात.

फाइल डिस्चार्जपासून ३० दिवसांत गेली पाहिजे. क्लेम फॉर्मचा एक भाग तुमचा, दुसरा रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा. त्यासोबत मूळ डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याची पावती, सोनोग्राफीसह सगळे रिपोर्ट, औषधांची बिले आणि प्रत्येक बिलामागची चिठ्ठी, रद्द केलेला चेक. पक्की पावती न देणाऱ्याला रोख पैसे देऊ नका. रुग्णालय यादीबाहेरचे असल्याने त्याच्या महापालिका नोंदणीच्या दाखल्याची प्रत मागून ठेवा, कंपनी ती मागतेच. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा आणि पोच घ्या. डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतल्या औषध-तपासण्यांची बिले वेगळी लावा, ती त्यानंतर १५ दिवसांत द्यायची.

कंपनीने दावा निकाली काढण्याची पॉलिसीतली मुदत शेवटचा आवश्यक कागद पोहोचल्यापासून मोजली जाते. म्हणून एकेक कागद मागणारी पत्रे येतात आणि महिने जातात. पहिल्याच पत्राला सगळे एकदम द्या आणि ‘आणखी काही हवे असल्यास आत्ताच कळवा’ असे लेखी मागा. मुदतीनंतरच्या उशिरावर बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त व्याज मिळते, ते मागून घ्या.

टक्केवारीवर दावा सोडवून देतो म्हणणाऱ्यांना दारात उभे करू नका.

दावा नाकारला किंवा रक्कम कापली तर कारण लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करा. सोलापूर त्याच कार्यालयाच्या हद्दीत येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. त्या तक्रारीसोबत बीपीची ती पहिली चिठ्ठी जोडायला विसरू नका.