दहा वाजता, पण कोणाच्या घड्याळात?

28 एप्रिल 2021. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि 18 वर्षांवरील सर्वांसाठी लसनोंदणी त्या दिवसापासून सुरू होणार होती. मंगळवारी रात्री बाराच्या ठोक्याला देशभरातले लोक को-विन उघडून बसले. काहीच घडले नाही. मग खुलासा आला की नोंदणी दुपारी चार वाजता खुली होईल. चार वाजता एकदम झुंबड उडाली आणि पोर्टल काही काळ अडखळले. तारीख सगळ्यांना पाठ होती, नेमका क्षण मात्र फार थोड्यांना ठाऊक होता.

एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही गत, तर घरून व्यवसाय करणाऱ्यांचे काय होत असेल? सांगलीजवळ उटणे, सुगंधी तेल आणि साबण बनवणाऱ्या एका उद्योजिकेने गेल्या दिवाळीआधी त्याचा अनुभव घेतला. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी तो मोकळेपणाने सांगितला, कारण त्यांच्या मते यात गुपित ठेवण्यासारखे काही नाही आणि इतरांच्या कामाला येण्यासारखे बरेच आहे.

त्यांनी अभ्यंगस्नानाचा एक संच तयार केला होता. मर्यादित संख्या, दसऱ्याचा मुहूर्त, 2 ऑक्टोबर 2025, सकाळी दहा. आठवडाभर आधीपासून इन्स्टाग्रामवर 'सात दिवस उरले', 'तीन दिवस', 'उद्या!' अशा पोस्ट वेळ लावून ठेवल्या होत्या. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर सेकंदासेकंदाने उतरणारे काउंटडाउन होते. ते शून्यावर आले की 'लवकरच' जाऊन त्याजागी 'खरेदी करा' हे बटण दिसायचे होते. बटणामागे वर्डप्रेसवरच्या दुकानातले उत्पादनाचे पान होते आणि तेही दहाची वेळ लावून ठेवलेले. सगळी जोडणी भाच्याने केली होती.

प्रत्यक्षात काय झाले? काउंटडाउन पहाटे साडेपाचला संपले. इन्स्टाग्रामची 'सुरू झालं!' ही पोस्ट बरोब्बर दहाला गेली. उत्पादनाचे पान उघडले दुपारी साडेतीनला. एका लाँचचे तीन मुहूर्त झाले.

"पहाटेच एका काकूंचा मेसेज आला, बटण दाबलं की पान सापडत नाही म्हणतंय," त्या सांगतात. "मी उघडून बघितलं तर मला व्यवस्थित दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचं नेट तपासा. दहानंतर तशाच मेसेजची रांग लागली आणि मी प्रत्येकाला तेच सांगत बसले."

त्यांना पान दिसत होते ते त्या मालक म्हणून लॉग-इन होत्या म्हणून. वर्डप्रेसमध्ये वेळ लावून ठेवलेले पान बाहेरच्या माणसाला दिसत नाही, पण ज्याला ते संपादित करण्याचा अधिकार आहे त्याला उघडता येते. त्यामुळे लाँचच्या वेळी दुकान मालकाच्या नजरेने पाहणे सर्वांत फसवे. तपासणी करायची ती खाजगी विंडोतून किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, वाय-फाय बंद करून.

दुपारी साडेतीनला पहिली ऑर्डर आपोआप आली, तेव्हा भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दहा ते साडेतीन म्हणजे साडेपाच तास. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, तेही साडेपाच तासच. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. ठरलेल्या वेळेत आणि घडलेल्या वेळेत नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला, की कुठले तरी घड्याळ यूटीसीवर चालले आहे असे खुशाल समजावे. निदान एवढे सोपे असणारे बिघाड संगणकाच्या जगात थोडेच.

दुकानाचा घोळ सरळ होता. नव्या वर्डप्रेसमध्ये स्थळाची वेळ बहुधा यूटीसीवरच ठेवलेली असते आणि ती कुणी बदलली नव्हती. त्यामुळे लावलेले 'दहा' हे यूटीसीचे दहा ठरले. हाच फटका सर्व्हरवर वेळेचे काम लावणाऱ्यांना बसतो. सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर असतात. क्रॉनमध्ये `0 10 2 10 *` लिहिले की काम दुपारी साडेतीनला होते. सकाळी दहाला हवे असेल तर `30 4 2 10 *` लिहावे लागते.

काउंटडाउनचे प्रकरण जरा खोल आहे. पान बनवताना वेळ ठरलेली नव्हती, म्हणून भाच्याने नुसती तारीख लिहिली: `2025-10-02`. जावास्क्रिप्टचा नियम असा, की अशी एकटी तारीख आली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे ती पहाटे साडेपाचला उजाडते. चूक कळल्यावर त्याने पुढे वेळ जोडली, `2025-10-02T10:00:00`, आणि मग वेगळीच गंमत झाली. तारखेसोबत वेळ असेल आणि विभाग नसेल, तर ब्राउझर ती पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेप्रमाणे घेतो. सांगलीत काउंटडाउन दहाला संपले असते, दुबईत त्यानंतर दीड तासाने आणि न्यू जर्सीतल्या ग्राहकाकडे साडेनऊ तासांनी. या बाईंचे बरेच ग्राहक तिकडचेच, आपल्या आईवडिलांच्या पत्त्यावर संच पाठवणारे. तेव्हा ही चूक वरवरची नव्हती.

योग्य लेखन एकच: वेळेसोबत विभागही.

```js
const launch = Date.parse("2025-10-02T10:00:00+05:30");
const left = Math.max(0, launch - Date.now());
```

शेवटच्या `+05:30` मुळे हा क्षण जगभर एकच राहतो. दुसऱ्या ओळीतही एक शहाणपण आहे. बरेच जण उरलेले सेकंद एका आकड्यात ठेवून दर सेकंदाला एक वजा करत जातात. ग्राहक दुसऱ्या टॅबवर गेला, की ब्राउझर मागच्या पानाचे काम मंदावतो. क्रोम तर काही मिनिटांनंतर ते मिनिटातून एकदाच करू देतो. मग वजाबाकी मागे पडते आणि काउंटडाउन उशिरा संपते. दर वेळी घड्याळाकडे पाहून उरलेला वेळ नव्याने काढला, तर हा प्रश्न उद्भवत नाही. `Math.max` नसेल तर शून्यानंतर उणे सेकंद दिसू लागतात, आणि ते फार केविलवाणे दिसते.

पण `Date.now()` म्हणजे तरी कोण? ग्राहकाच्या फोनचे घड्याळ. ते पुढे-मागे असू शकते, मुद्दाम पुढेही करता येते. म्हणून काउंटडाउनला सजावटीपुरतेच मानावे. विक्री उघडण्याचा अधिकार त्याच्याकडे देऊ नये. बटण पानात आधीच ठेवून नुसते लपवले असेल, तर पानाचा कोड उघडून कुणीही लिंक काढू शकतो. तेव्हा दार उघडायचे ते सर्व्हरने. ऑर्डर आली, की सर्व्हरने आपले घड्याळ पाहावे आणि क्षण आला नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. काउंटडाउनने शून्यावर सर्व्हरला फक्त विचारायचे, 'उघडलं का?' आणि होकार आला तरच बटण दाखवायचे. ही विचारणा सगळ्या फोनांवरून एकाच सेकंदाला येऊ नये म्हणून प्रत्येकाला पाच-दहा सेकंदांपर्यंतचा वेगवेगळा उशीर द्यावा. 6 ऑक्टोबर 2014 ला सकाळी आठ वाजता फ्लिपकार्टच्या पहिल्या 'बिग बिलियन डे'ला जी तारांबळ उडाली आणि ज्याबद्दल संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली, त्यामागे एकाच वेळी लोटलेली गर्दीही होती.

साडेतीननंतरही सांगलीतले संकट संपले नव्हते. काही ग्राहकांना पहिल्या पानावर अजून 'लवकरच'च दिसत होते. पाने झटपट उघडावीत म्हणून स्थळ त्यांची तयार प्रत साठवून ठेवते. तीच शिळी प्रत वाटली जात होती. लॉग-इन केलेल्याला बहुधा ताजे पान मिळते, त्यामुळे मालकाला इथेही पत्ता लागत नाही. याच साठवणुकीची आणखी एक खोड आहे. वर्डप्रेस आपली वेळेची कामे सहसा कुणी पान उघडले की त्या निमित्ताने उरकतो. सगळ्यांना साठवलेली प्रत मिळत राहिली, तर त्याला जागच येत नाही, आणि यादीत 'Missed schedule' असा शेरा दिसतो. उपाय दोन: लाँचच्या क्षणी साठवण रिकामी करणे आणि वर्डप्रेसला उठवण्याचे काम सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनकडे देणे.

आता पोस्टविषयी. इन्स्टाग्रामची फीड काळाच्या क्रमाने चालत नाही. मंगळवारची 'तीन दिवस उरले' ही पोस्ट कुणाला शुक्रवारी दिसते आणि तो हिशेब करत बसतो. 'उद्या', 'आज रात्री', 'काही तासांत' हे शब्द 24 तासांत मावळणाऱ्या स्टोरीत शोभतात. टिकणाऱ्या पोस्टमध्ये चित्रावरच लिहावे: गुरुवार, 2 ऑक्टोबर, सकाळी 10, भारतीय वेळ. परदेशी ग्राहक असतील तर त्यांची वेळही. दसऱ्याच्या त्या दहाला न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा वाजले होते. तिथला माणूस त्याला बुधवारची रात्रच म्हणणार. संध्याकाळी सातची वेळ ठेवली असती, तर तिकडे सकाळचे साडेनऊ आणि लंडनमध्ये दुपारचे अडीच वाजले असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात, हेही दिवाळीच्या सुमारास लक्षात ठेवावे लागते.

'सुरू झालं!' ही पोस्ट मात्र वेळ लावून ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकान खरोखर उघडले हे दुसऱ्या फोनवर पाहावे, एक खरी ऑर्डर टाकावी आणि मगच ती हाताने टाकावी. चार मिनिटे उशीर कुणी लक्षात ठेवत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंना कुणी तरी सुचवले, की काउंटडाउन पुन्हा सुरू करा, 'वाढीव मुदत' म्हणा, गर्दी परत येईल. त्यांनी नकार दिला आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते बरेच झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यातल्या 13 प्रकारांत खोटी घाई निर्माण करणे हा एक आहे. संपले की पुन्हा सुरू होणारे काउंटडाउन आणि 'शेवटचे 3 नग' हे कायमचे वाक्य, दोन्ही त्यात येऊ शकतात. बाईंनी त्याऐवजी झालेला घोटाळा जसा होता तसा लिहून टाकला. संच दिवाळीआधी संपले, पण पहाटे आलेल्या ग्राहकांपैकी काही परतलेच नाहीत.

तुमचेही वर्डप्रेसवर दुकान असेल आणि पुढच्या सणाला काही नवे आणायचे असेल, तर आधी `Settings → General` उघडून `Timezone` पाहा. तिथे `UTC+0` असेल तर `Kolkata` निवडा. मग दहा मिनिटांनंतरची वेळ लावून एक खोटे उत्पादन ठेवा आणि शेजारच्यांच्या फोनवर ते कधी उघडते ते बघा.