गोष्ट एकच, पत्रं तीन

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाने चटणीसाठी 1000 पाऊच घेतले. माल भरायला बसलो, तर 180 पाऊचची झिपच लागेना. 15 तारखेला तालुक्याच्या विक्री केंद्रावर 1000 पाकिटं द्यायची होती.

पहिलं पत्र पुरवठादाराला. आधी आमच्या लिपिकेने लिहिलं होतं, "दादा, पाऊच जरा खराब आलेत, बघा ना काहीतरी." किती खराब, कधी बदलणार, काहीच नाही. दादा म्हणाले, "बघतो." फोनवर दादा म्हणा, हरकत नाही, पण कागद पुढे पुरावा म्हणून लागतो. मग असं लिहिलं:

"आपल्या 3 तारखेच्या बिलातील 1000 पैकी 180 पाऊचची झिप लागत नाही. नमुन्याचे 5 पाऊच सोबत पाठवले आहेत. 13 तारखेपर्यंत बदलून द्यावेत. न मिळाल्यास प्रत्येकी 4 रुपयांप्रमाणे 720 रुपये बाकी रकमेतून वजा करू."

रागाचा एक शब्द नाही, पण सुटायला जागाही नाही. त्यांचं लेखी उत्तर आलं, 17 तारखेला देतो.

म्हणजे 15 ला अडचण होतीच. शेजारच्या ग्रामसंघाच्या सचिवताईंना व्हॉट्सॲप केला: "ताई, नमस्कार. आमचे 180 पाऊच खराब निघाले. तुमच्याकडे पाव किलोचे रिकामे असतील तर द्याल का? 17 ला नवे आले की तेवढेच परत करते." इथे "आपणास कळविण्यात येते की" असं लिहिलं असतं, तर ताईंना वाटलं असतं, हिचं काहीतरी बिनसलंय! रोजच्या माणसाला एकदम कागदी भाषा लिहिली की ती रुसल्यासारखी वाटते. मात्र किती आणि परत कधी, हे तिथेही लिहायचंच. ताईंनी 100 दिले.

राहिले 80. आता तालुका व्यवस्थापक मॅडमना पत्र. हे शेवटी लिहिलं, कारण आपण काय काय करून पाहिलं ते त्यांना सांगता आलं पाहिजे.

"प्रति, मा. तालुका अभियान व्यवस्थापक.
विषय: 80 पाकिटे 18 तारखेला देण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदया, ठरलेल्या 1000 पैकी 920 पाकिटे 15 तारखेला देत आहोत. सदोष पाऊचमुळे 80 पाकिटे राहिली आहेत. पुरवठादाराने 17 तारखेला पाऊच बदलून देण्याचे लेखी कळवले आहे. उरलेली पाकिटे 18 तारखेला स्वीकारावीत, ही विनंती.
आपली विश्वासू, सचिव"

मान "मा." आणि "महोदया" यात आला. त्यापुढे "आपण थोर आहात, आम्ही गरीब बायका" असलं काही नको. पुष्कळ अर्जांत अर्धं पान त्यातच जातं आणि मागणी तळाला सापडते. आम्ही मागणी विषयातच लिहिली, म्हणून मॅडमनी उभ्या उभ्या वाचून त्यावर सही केली.